फ्रिजमधली पालकाची पानं

वडिलांच्या पाठीत उसण भरली आणि ती कधी गेलीच नाही. ते मार्केट यार्डात हमाल होते. पोती उचलणं थांबलं तेव्हा मी पाचवीत होते. आईने महिनाभर वाट पाहिली आणि मग स्टोव्ह, कढई आणि एक लाकडी पेटी घेऊन तालुक्याच्या एस.टी. स्टँडबाहेर बसली. कांदा परवडला तर कांदाभजी, नाही परवडला तर पाल्याची. पाला स्वस्त पडायचा, कारण बाजार उठताना भाजीवाले पालक-मेथीच्या उरलेल्या जुड्या कशाही देऊन टाकायचे. दिवसभर त्यावर पाणी शिंपडलेलं असायचं. जुडी हातात धरली की मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ यायचा.

ती पानं वाळवणं हे माझं काम. आईचं जुनं सुती लुगडं पडवीत पसरायचं, पानं एकेक सुटी करून धुवायची, झटकायची आणि त्यावर मांडायची. एकावर एक पान आलेलं आईला चालायचं नाही. मग दुसऱ्या टोकाने वरून हलकेच टिपायचं. पुढे कॉलेजात गेल्यावरही मी रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन पालकाची पानं उलटायची. आई म्हणायची, "ओलं पान टाकलं की तेल शिव्या देतं. तुला वाचायचंय ना? मग तोंडाने वाच, हाताने टिप."

तिच्या पिठाचंही असंच होतं. बेसन, त्यात मूठभर तांदळाची पिठी, ओवा, तिखट, हळद, मीठ. सोडा नाही. सोड्याने भजी फुगते, तेल पिते आणि गाडी सुटेपर्यंत मऊ पडते. पीठ पातळ, ताकाच्या जवळ जाणारं. पान बुडवून उचललं की त्याच्या शिरा पिठातून दिसल्या पाहिजेत. पातेल्याच्या काठाला घासून जास्तीचं पीठ निथळायचं आणि पान तेलात सोडताना आपल्यापासून लांबच्या बाजूला आडवं निजवायचं. तेलाचा अंदाज ती पिठाच्या थेंबाने घ्यायची. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल कच्चं. पडल्या पडल्या काळपटला तर जास्त तापलेलं. बुडून लगेच बुडबुड्यांसकट वर आला की पहिलं पान. तिच्या भज्या पेपरात गुंडाळून लोक खिडकीतून गाडीत द्यायचे आणि गाडी पुढच्या गावाला पोचली तरी त्या वाजायच्या.

त्या कढईवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं फाटक कोणी आतून पाहिलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगते आणि जिथे सांगायची गरज नसते तिथेही सांगते. मला शिकवायचं होतं, फळ्यासमोर उभं राहायचं होतं. पण लग्न झालं एका मरीन इंजिनिअरशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या कंपनीने त्याला सिंगापूरहून जहाजावर पाठवायला सुरुवात केली आणि मी बुकित बातोकच्या एका फ्लॅटमध्ये येऊन पडले. नवरा महिनोन् महिने समुद्रावर. नवऱ्यामुळे मिळालेल्या माझ्या राहण्याच्या पासवर मला नोकरी करता येत नव्हती. डिग्री ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

तिथे मला एक वहिनी भेटल्या. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याच्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, किनाऱ्यावरच्या ऑफिसात. पुण्याच्या, बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत कॉन्डोमध्ये राहणाऱ्या, मुलं इंटरनॅशनल शाळेत. बोलणं मोठं गोड. पहिल्या गणपतीत त्यांनीच मला हाक मारून जवळ बसवलं. त्या अनोळखी देशात कोणी "जेवलीस का गं?" असं विचारलं की माणूस विरघळतं. मीही विरघळले. नवरा जहाजावर असला की मी दर आठवड्याला बस पकडून त्यांच्याकडे जायची. माझ्या मुलीच्या पहिल्या तापात त्याच आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. म्हणून पुढचं सगळं मला जास्त लागलं.

एकदा त्या माझ्याकडे आल्या असताना मी पालकाची भजी केली. आमच्या ब्लॉकखालच्या बाजारात मिळणारा पालक आपल्यासारखा नसतो. पानं गोलसर, पातळ, देठ लांब. पण भज्यांना तो उलट बरा, लवकर कडक होतो. मेथी मी लिटल इंडियातून आणायची आणि तिची कोवळी डहाळी देठासकट बुडवायची. वहिनींनी एक पान मोडलं. काचेसारखा आवाज झाला. त्या म्हणाल्या, या दमट हवेत आमच्याकडे पापडसुद्धा सादळतो, आणि तू हे कसं केलंस?

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घराजवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये त्या फुलं रचायच्या वर्गाला जात. ते सेंटर चालवणाऱ्या बाईंना शनिवारी दुपारी भारतीय फराळाचा वर्ग सुरू करायचा होता आणि त्या कोणीतरी शिकवणारी शोधत होत्या. पगार नाही, त्यामुळे पासाची अडचण नाही. दाखवायचं, समजावायचं, लोकांकडून करून घ्यायचं. मी विचारलं, फळा असतो का? वहिनी हसल्या. असतो म्हणाल्या, पांढरा, त्यावर रंगीत पेनने लिहायचं.

त्या रात्री मी ट्रंक उघडून डिग्री बाहेर काढली आणि परत ठेवली. इतकंच. पण मला तो वर्ग हवा होता. आयुष्यात दुसरं काही इतकं हवं झालं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "तुझं इंग्रजी जरा अडखळतं. त्या बाईंशी मी बोलते, तू फक्त शिकवायचं बघ. पण आधी मला नीट दाखव, म्हणजे मला त्यांना पटवता येईल."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या तीन-चार दुपारी माझ्याकडे आल्या. मी काहीही हातचं राखलं नाही. पानं कशी टिपायची, बेसनात तांदळाची पिठी का घालायची, मीठ घातलेलं पीठ आणि पानं एकत्र का ठेवायची नाहीत, कारण मीठ पानातलं पाणी ओढून काढतं. कढईत गर्दी का करायची नाही, कारण प्रत्येक पानागणिक तेल थोडं निवतं. बुडबुड्यांचा आवाज मंदावला की पान काढायचं, कारण तो आवाज म्हणजे पानातलं पाणी बाहेर पडत असतं. काढून ढीग घालायचा नाही, चाळणीत उभी करायची, नाहीतर एकीची वाफ दुसरीला मऊ करते. त्या वहीत काही लिहीत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. हुशार बाई, एकदा बघितलं की पुरे.

त्यातल्याच एका दुपारी मी त्यांना स्टँडचं सांगितलं. वडिलांची पाठ, आईची पेटी, लुगड्यावरची पानं. त्या लुगड्याचा एक धुवट तुकडा मी सिंगापूरला आणला होता आणि पानं त्यावरच वाळवत होते, तोही दाखवला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो तुकडा गालाला लावला. म्हणाल्या, तुझ्या आईला एकदा भेटायला हवं गं. मी ते खरं मानलं. मला अजूनही वाटतं की त्या क्षणी ते खरं होतं, आणि त्यानेच जास्त त्रास होतो.

शनिवार आला. वहिनींनी फोनवर सांगितलं होतं की सामान त्या आणतील, पानंसुद्धा, मी फक्त यावं. सवयीने मी तो तुकडा पिशवीत टाकला. मुलीला शेजारच्या चिनी आजींकडे ठेवलं. इस्त्रीची सुती साडी नेसले. बसमध्ये मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोळवत होते.

सेंटरच्या त्या बाई दारातच भेटल्या. केस आखूड, हातात किल्ल्यांचा जुडगा, हसतमुख. त्यांनी माझ्या हातात एक एप्रन दिला आणि मागच्या सिंककडे बोट केलं. म्हणाल्या, तू हेल्पर ना? टीचरने सांगितलंय तुझ्याबद्दल. तुझी आई बसस्टॉपवर हे विकायची, तर तुला धुण्यातळण्याची सवय आहे, व्हेरी गुड, लाह, असं तिथल्या लकबीत. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना जे सांगितलं होतं तेच त्या सांगत होत्या.

पुढे पांढऱ्या फळ्यासमोर वहिनी उभ्या होत्या. मोरपंखी रेशमी साडी, हातात निळं पेन. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आजीच्या हातचा कुरकुरीत पालक पकोडा. आजी वहिनींची, ते विचारायची गरज नव्हती. समोर बाकांवर दहा-बारा बायका, बहुतेक चिनी, दोन मलय, एक तमिळ मावशी.

मी वहिनींजवळ गेले. त्या पेनचं टोपण लावत हळूच मराठीत म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना इंग्रजी चांगलं येणारी हवी होती. मी काय करणार? तू मागे थांब. तुला सवय आहे, तू पटापट करशील. आपलंच आहे ना हे?"

निघून जावं असं वाटलं, आणि बस कुठून पकडायची तेही आठवलं. पण एक विचार असाही आला की माझ्या नवऱ्याचं पुढचं जहाज यांचे यजमान ठरवतात. मी एप्रन बांधला आणि सिंकपाशी उभी राहिले. तिथे धुवायलासुद्धा काही नव्हतं. पानं त्यांनी घरूनच धुऊन, टिपून आणली होती. मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात भरून सेंटरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, ताजी राहावीत म्हणून.

वहिनींनी पीठ छान कालवलं. अगदी माझ्यासारखं, हाताची वळणंसुद्धा माझीच. बोलल्याही छान. बेसन, तांदळाची पिठी, पातळपणा, तेलात थेंब टाकून पाहणं, सगळं ओळीने. माझ्या आईची वाक्यं त्यांच्या इंग्रजीतून ऐकताना असं वाटलं की आपल्या घरातली भांडी दुसऱ्याच्या फळीवर मांडलेली दिसताहेत. थेंब वर आला. मग त्यांनी फ्रिज उघडून डबा काढला आणि झाकण उघडं टाकून पालकाच्या गुणांबद्दल बोलू लागल्या. खोलीत एअरकॉन नव्हता, उघड्या खिडक्या, बाहेर दुपारच्या पावसानंतरची वाफ.

पहिलं पान पिठात बुडलं आणि वर आलं ते जवळजवळ उघडंच. पीठ घसरून खाली. त्यांनी परत बुडवलं, परत तेच. तसंच तेलात सोडलं तर तेल तडतडलं, पहिल्या बाकावरची मलय मावशी चटकन उठून मागे सरली. वहिनींनी घाईने बेसनाची मूठ पिठात टाकली. पीठ दाट झालं, पानाला चिकटलं, पण आता गोधडीसारखं. वेळ भरून काढायला त्यांनी एकदम सात-आठ पानं सोडली. चूल विजेच्या तबकडीची, एकदा निवली की तापायला वेळ घेणारी. तेलाचा आवाज बसला. पानं बुडबुडे न सोडता तेलात पोहत राहिली. काढली तेव्हा मऊ, जड, कागदावर तेलाचे गोल पसरले.

एका चिनी बाईने पान उचललं. ते मधून वाकलं. ती सभ्यपणे म्हणाली, "सॉफ्ट वन, ऑल्सो नाइस." मागे कोणीतरी हसू दाबलं.

मी डब्याकडे पाहत होते. आत टिपलेली पानं ठेवली होती हे खरं, पण आता त्यांच्यावर बारीक दव होतं. गार पान दमट हवेत आलं की हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं, थंड पेल्याला घाम येतो तसं. हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. कशी सांगणार? आमच्याकडे फ्रिज नव्हता. आणि माझ्या फ्लॅटमध्ये मी पानं कधी फ्रिजात ठेवली नव्हती, म्हणून मलाही सांगायचं सुचलं नव्हतं. ते मला तिथेच, सिंकपाशी उभं असताना कळलं, मांडीवर धरलेल्या त्या पुस्तकामुळे.

वहिनी चाळणी घ्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आल्या. कपाळावर घाम. हळू आवाजात म्हणाल्या, "काय होतंय हे? सांग पटकन. मराठीत सांग, हळू."

मराठीत आणि हळू. त्या दोन शब्दांवर मी थांबले. मी ते सांगितलं असतं तर त्यांनी फळ्याकडे जाऊन आपल्या आजीच्या तोंडी घातलं असतं.

मी एप्रन सोडला, घडी करून ओट्यावर ठेवला आणि पुढे जाऊन वर्गाला इंग्रजीत सांगितलं. "लीफ इज कोल्ड," मी म्हटलं. "कोल्ड लीफ टेक्स वॉटर फ्रॉम एअर. सो, वेट लीफ." व्याकरण जसं आलं तसं. मग एक पान उचलून पहिल्या बाकावरच्या मावशीच्या तळहातावर ठेवलं. तिने ते चोळून ओली बोटं शेजारणीला दाखवली.

त्यापुढचं सोपं होतं. मी पिशवीतून लुगड्याचा तुकडा काढून टेबलावर पसरला, छताचा पंखा वाढवायला सांगितला आणि सगळ्यांना पुढे बोलावून एकेक पान मांडायला लावलं. एकावर एक नाही. पानं खोलीइतकी उबदार होईपर्यंत आम्ही पीठ सुधारलं. चमच्याने पाणी घालत गेले, चमच्याच्या पाठीवर पातळ पदर राहीपर्यंत. तेल नव्याने तापवलं, थेंब टाकला, तो बुडून वर आला. पानं परत टिपून तीनच सोडली. बुडबुडे बोलत होते. मी फळ्यावरचं निळं पेन घेतलं आणि लिहिलं, आवाज कमी म्हणजे पाणी कमी. मग आवाज मंदावला आणि मी पहिलं पान काढून चाळणीत उभं केलं.

ते वाजलं. आधी त्या चिनी बाईच्या दातांखाली, मग सगळ्यांच्या. किल्ल्यांवाल्या बाई दारात उभ्या राहून खात होत्या. त्यांनी विचारलं, तू कुठे शिकलीस?

मी म्हटलं, "माझ्या आईकडून. बसस्टँडवर. आणि कॉलेजात केमिस्ट्री शिकले."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

बाहेर बसस्टॉपवर त्या माझ्याआधी पोचल्या होत्या. त्यांना न्यायला गाडी यायची होती, पण त्या माझ्यासाठीच थांबल्या असाव्यात. माफी मागतील असं मला वाटलं. मी मनात उत्तरही तयार केलं होतं, की जाऊ द्या वहिनी. इतकी मी मूर्ख होते.

त्या म्हणाल्या, "फ्रिजचं तू मुद्दाम सांगितलं नाहीस. मला सगळ्यांसमोर पाडायचं होतं तुला. मी तुला घरच्यासारखं वागवलं आणि तू काय केलंस?"

मी म्हटलं, "वहिनी, आमच्याकडे फ्रिज नव्हता."

"तेच तर," त्या म्हणाल्या. तेवढ्यात गाडी आली. त्यांनी काच वर केली.

ते "तेच तर" मी पुष्कळ वर्षं उलटून पालटून पाहिलं. त्याचा अर्थ मला कळला होता, पण कळून घ्यायचा नव्हता. माझ्या आईच्या गोष्टीने त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी आणि ते दोन शब्द एकाच बाईचे होते.

पुढच्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळातल्या बायका माझ्याशी जपून बोलू लागल्या. कानावर आलं ते असं की मी वहिनींकडून रेसिपी शिकले आणि त्यांचा वर्ग पळवला. एकीने तर मला समजुतीने सांगितलं, उपकार विसरू नयेत. मी कोणाला काही समजावलं नाही. नवरा जहाजावरून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं की तू तेव्हा गप्प बसू शकली नसतीस का. मी म्हटलं, नाही. आमच्यात तो प्रश्न काही दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता. त्याचं पुढचं जहाज जुनं आणि लांबच्या मार्गाचं निघालं. ते कशामुळे, ते मला माहीत नाही आणि मी ठरवूनही टाकलं नाही.

आईला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं की गार पानाला घाम येतो. ती म्हणाली, मग पुसायचं की. मी हसले आणि रडलेही. तिला दोन्ही ऐकू आलं असणार, कारण तिने लगेच बिल वाढतंय म्हणून फोन ठेवायला लावला.

वहिनी परत कधी माझ्या दारी आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान हलवायच्या, मीही हलवायची. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "दॅट आंटी डोन्ट लाइक अस, अह?" मी म्हटलं, तसं नाही, आपण त्यांना आवडतो, पण त्यांच्या मागे उभे असलो तर.

त्या सेंटरच्या बाईंनी त्या शनिवारनंतरच्या आठवड्यातच मला फोन केला होता. आम्ही सिंगापूर सोडेपर्यंत शनिवारचा तो वर्ग मी घेतला. पालक, मेथी, आळू, मग पुढे भाकरी आणि थालीपीठही. पहिल्या दिवशी फळ्यावर मी माझं नाव लिहिलं, खाली बी.एस्सी. लिहिलं आणि त्याखाली लिहिलं की ही भजी माझी आई एस.टी. स्टँडवर तळते. मी शिक्षिका झाले.